पंधरा चौकोनांचा आठवडा

श्रोतेहो, नमस्कार.

फ्रीलान्स काम करणाऱ्याला डेडलाइन कधी आहे हे विचारलं, तर तो झोपेतूनही तारीख सांगेल. पण त्या तारखेपर्यंत कामाला द्यायला तुमच्याकडे नेमके किती तास आहेत, असं विचारलं की बहुतेक जण गडबडतात. तारखा पाठ असतात, तास मोजलेले नसतात. तीन-चार क्लायंट एकदम सांभाळताना आठवडा विस्कटतो तो इथेच. म्हणून आज मी आठवड्याचं नियोजन करायच्या एकाच पद्धतीबद्दल बोलणार आहे. यात कामाचे तास कॅलेंडरवर आधीच आखून ठेवायचे असतात. त्याला टाइम ब्लॉकिंग म्हणतात.

समजा, एक डिझायनर आहे. मांडणीचं काम करते, थोडं लेखनही करते. सध्या तिच्याकडे तीन क्लायंट आहेत. पहिल्या संस्थेचा चाळीस पानी वार्षिक अहवाल मांडायचा आहे, तो पुढच्या शुक्रवारी छपाईला जाणार. दुसऱ्याचं दर आठवड्याचं बांधलेलं काम आहे, सोशल मीडियाच्या पोस्ट. तिसऱ्याला वेबसाइटच्या चार पानांचा मजकूर याच शुक्रवारी हवा आहे. तिघांनाही ती हो म्हणून बसली आहे.

आता तिचे तास मोजू. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, मध्ये एक तास सुट्टी, म्हणजे दिवसाचे आठ आणि पाच दिवसांचे चाळीस तास. पण हे चाळीस तास क्लायंटना विकता येत नाहीत. मेल, फोन, "जरा दोन मिनिटं बोलूया का" यात रोजचा एक तास जातो. बिलं पाठवणं, थकलेल्या पैशांची आठवण करून देणं, नव्या कामाचं कोटेशन करणं, यात आठवड्याला आणखी तीन तास जातात. उरले बत्तीस. त्यातले आठ, म्हणजे पाव भाग, ती मुद्दाम रिकामे ठेवते. तेव्हा आखून भरायला मिळतात चोवीस तास.

पाव भाग रिकामा ठेवायचा, हे ऐकून नव्या माणसाच्या पोटात गोळा येतो. एवढे तास वाया घालवायचे? पण ते वाया जातच नाहीत. ते कोण घेणार हे सोमवारी माहीत नसतं, इतकंच. ते कोणीतरी घेतंच, हे मी छातीठोकपणे सांगते.

आता समोरच्या कामाचे तास. अहवालाला दहा तास लागतील असं तिला वाटतं. इथे जरा थांबू. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये अंदाजातल्या या चुकीकडे लक्ष वेधलं होतं. हातातलं काम कसं सुरळीत पार पडेल याचं चित्र माणूस डोळ्यांपुढे आणतो आणि त्यावरून वेळ ठरवतो. तशाच जुन्या कामांना खरोखर किती वेळ लागला होता, हे तो बघत नाही. म्हणून या डिझायनरने एक साधी वही ठेवली आहे. प्रत्येक कामापुढे दोन आकडे असतात, ठरवलेले तास आणि लागलेले तास. मांडणीच्या मागच्या कामांत दहा तासांच्या जागी चौदा लागत आले आहेत, असं वही सांगते. म्हणून अहवालाला दहा नाही, चौदा तास. पोस्टचं काम ठरलेलं, सहा तास. वेबसाइटच्या एका पानाला दोन तास, चार पानांना आठ. बेरीज अठ्ठावीस.

चोवीस तासांत अठ्ठावीस तासांचं काम बसत नाही. ही गोष्ट तिला कळते आदल्या शुक्रवारी संध्याकाळी, कारण हा हिशोब करायला तिने पाच ते सहाचा तास राखून ठेवला आहे. नियोजन सोमवारी सकाळी करण्यापेक्षा शुक्रवारी संध्याकाळी का करावं, तर त्या वेळी क्लायंटशी बोलता येतं आणि सोमवारची सकाळ मोकळी मिळते. ती तिसऱ्या क्लायंटला लगेच लिहिते, "दोन पानं येत्या शुक्रवारी देते, उरलेली दोन त्यापुढच्या मंगळवारी. तुमच्या कामात अडचण येत असेल तर सोमवारी सकाळपर्यंत कळवा." आठवडाभर आधी असा निरोप आला की क्लायंट सहसा हो म्हणतो. हाच निरोप गुरुवारी रात्री दहाला गेला, तर त्याचा अर्थ एकच होतो, बाईंचं काम झालेलं नाही.

तुम्ही विचाराल, अहवाल तर त्याच्या पुढच्या शुक्रवारी आहे, मग तोच मागे ढकलायचा ना? नाही. आजच्या बोलण्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे. छपाईची तारीख ही तिच्या कामाची तारीख नाही. उलटं मोजत या. शुक्रवारी छपाई. आदल्या गुरुवारी दुरुस्त्या. त्याआधी संस्थेतल्या लोकांना अहवाल वाचायला तीन दिवस हवेत, कारण तो एकाच्या नाही, तिघा-चौघांच्या टेबलावरून फिरतो. ते सोमवार, मंगळवार, बुधवार. म्हणजे पहिला मसुदा तिच्या हातून या शुक्रवारीच बाहेर पडला पाहिजे. कॅलेंडरवर जी डेडलाइन दोन आठवडे लांब दिसत होती, ती उभी आहे याच आठवड्यात. म्हणून कॅलेंडरवर "अहवाल पूर्ण" असं न लिहिता "मसुदा पाठवला" आणि "दुरुस्त्या आल्या" अशा दोन तारखा लिहाव्यात. त्या दोन तारखांमधले दिवस बाकीच्या क्लायंटचे. वेबसाइटची दोन पानं तिने पुढच्या मंगळवारवर टाकली ती उगाच नाही. अहवाल वाचायला गेलेला असेल तेव्हाच तिला हात मोकळे मिळणार आहेत.

आता प्रत्यक्ष आखणी. दिवसात दोन-दोन तासांचे तीन ब्लॉक असतात. नऊ ते अकरा, साडेअकरा ते दीड, आणि सुट्टीनंतर अडीच ते साडेचार. मेल दोनदाच पाहायचे, अकराला आणि साडेचारला, अर्धा-अर्धा तास. पाच ते सहा बिलं आणि किरकोळ कामं. पाच दिवसांचे मिळून पंधरा ब्लॉक झाले, कागदावर आखले तर पंधरा चौकोन. त्यातले बारा भरायचे आणि तीन कोरे. आठ रिकाम्या तासांपैकी सहा हे, उरलेले दोन संध्याकाळच्या तासांतून निघतात.

अहवालाचे सात ब्लॉक ती सोमवार आणि मंगळवारच्या दोन्ही सकाळच्या ब्लॉकमध्ये, बुधवारी पहिल्यात आणि गुरुवारी पुन्हा दोन्ही सकाळच्या ब्लॉकमध्ये ठेवते. मांडणीला सलग डोकं लागतं, पोस्ट दुपारीही होतात. म्हणून पोस्ट सोमवार, गुरुवार आणि शुक्रवार दुपारी. वेबसाइटची दोन पानं बुधवारी दुसऱ्या ब्लॉकमध्ये आणि शुक्रवारी पहिल्यात. कोरे चौकोन मंगळवार दुपार, बुधवार दुपार आणि शुक्रवारचा साडेअकराचा. तीनही कोरे चौकोन शुक्रवारवर ढकलायचा मोह होतो, पण मंगळवारचा घोटाळा निस्तरायला शुक्रवारचा वेळ कामाला येत नाही.

एकाच क्लायंटचे ब्लॉक शेजारी-शेजारी ठेवण्यालाही कारण आहे. सोफी लेरॉय या संशोधक बाईंनी २००९ मध्ये दाखवलं, की एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलो तर लक्षाचा काही भाग मागच्या कामात अडकून राहतो. यावर त्यांनी पुढे सुचवलेला उपाय अगदी सोपा आहे. काम सोडताना कुठे थांबलो आणि परत आल्यावर पहिलं काय करायचं, हे लिहून ठेवायचं. ही डिझायनर ब्लॉक संपताना फाइलच्या नावाखाली एक ओळ लिहिते, "पान २३, तक्त्याची रुंदी जुळवायची, मग खर्चाचा आलेख." दुसऱ्या दिवशी नऊला ती थेट तक्त्यावर बसते. "काल कुठे होतो बरं" यातली पंधरा-वीस मिनिटं वाचतात.

आता आठवडा सुरू होतो. मंगळवारी सकाळी दहाला दुसऱ्या क्लायंटचा फोन येतो, एक बॅनर तातडीने हवंय. "तातडीने" म्हणजे नेमकं कधी, हे विचारावं. निम्म्या वेळा उत्तर येतं, "आज संध्याकाळपर्यंत चालेल." मग बॅनर दुपारच्या कोऱ्या चौकोनात जातं, अहवाल जागचा हलत नाही. बुधवारी अहवालाचा ब्लॉक लांबतो, तक्ते अपेक्षेपेक्षा किचकट निघतात, आणि दुसरा कोरा चौकोन भरतो. बुधवारी संध्याकाळी तीनपैकी एकच उरला. ही खूण ओळखायला शिकावं. इथून पुढे कोणतंही नवं काम आलं, तर उत्तर ठरलेलं, "घेते, पण त्याच्या बदल्यात तुमची शुक्रवारची पोस्ट सोमवारी जाईल, चालेल?" अदलाबदल त्याच क्लायंटच्या कामात करावी. एकाच्या घाईचा भुर्दंड दुसऱ्या क्लायंटने का सोसावा?

सगळ्यात वाईट बिघाड असतो तो साहित्य न येण्याचा. अहवालातले फोटो संस्थेने मंगळवारी दुपारपर्यंत द्यायचे ठरले होते, आणि ते आलेच नाहीत. वाट बघत ब्लॉक जाळू नयेत. वेबसाइटचं पान बुधवारी पहिल्या ब्लॉकमध्ये ओढायचं, अहवाल दुसऱ्यात सरकवायचा आणि त्याच वेळी लिहायचं, "फोटो जितके दिवस उशिरा येतील, तितके दिवस मसुदाही पुढे जाईल." हे वाक्य काम स्वीकारतानाच मेलमध्ये लिहिलेलं असलं, तर आता भांडण होत नाही.

ही पद्धत सगळ्यांना जशीच्या तशी बसत नाही. ज्याच्या कामाचं स्वरूपच हाक आली की धावून जाण्याचं आहे, उदाहरणार्थ चालू वेबसाइटची देखभाल, त्याला पंधरातले बारा चौकोन भरता येणार नाहीत. त्याने फक्त सकाळचे आखावेत, दुपार सगळी कोरी ठेवावी आणि क्लायंट घेताना तेवढेच तास मोजावेत. आणि ज्याला आठवड्यामागून आठवडा चोवीसच्या जागी तीस तासांचं काम दिसतंय, त्याचा प्रश्न कॅलेंडरने सुटणारा नाही. त्याला एक तर दर वाढवावा लागेल, नाहीतर एक क्लायंट कमी करावा लागेल. कोणता, हेही वहीच सांगते. ज्याच्या कामापुढे ठरलेल्या आणि लागलेल्या तासांत सगळ्यात जास्त तफावत पडते आहे, बोलणी त्याच्यापासून सुरू करा.