कुंदा करणारा मेकॅनिक आणि टिलरची एअर काढणारी ताई: रोल स्वॅप व्हिडिओत हसू नेमकं येतं कुठनं?

नमस्कार मंडळी, रामराम. मी खानापूर तालुक्यातला, पॉवर टिलर आणि डिझेल इंजिन दुरुस्तीचं चॅनल चालवतो. आज पाना हातात नाहीय, कारण आज इंजिनावर बोलायचं नाहीय. बेळगावात शहापूरच्या एक ताई आहेत, कुंदा आणि घरगुती गोडाचं चॅनल करतात, त्यांच्यासोबत आम्ही अदलाबदलीचा व्हिडिओ केला, म्हणजे मी कुंदा केला आणि त्यांनी टिलर चालू केला. बऱ्याच जणांनी विचारलं की असलं कसं करायचं, म्हणून सांगतो. आमचा पहिला प्रयत्न सपशेल फसला होता, तिथूनच सुरू करतो.

पहिल्या वेळी मी माझ्याच चॅनलवर कुंदा केला. दुधाला बूड लागलं, दही एकदम ओतलं, सगळा गोंधळ झाला, शूट करताना आम्ही दोघं पोट धरून हसलो. पण माझे बघणारे शेतकरी माणसं, त्यांनी कुंदा खाल्लाय भरपूर, पण करताना कधी बघितला नाही. मग कढईत काय बिघडलं हे त्यांना कळणार कसं? कॉमेंटमध्ये हसण्याऐवजी लोक विचारालेत, "मग दही कधी घालायचं असतंय हो?" तिथं डोक्यात प्रकाश पडला. बरोबर काय असतं ते माहीत असलेल्या माणसालाच चुकीचं बघून हसू येतं. म्हणजे माझी फजिती ताईंच्या चॅनलवर जायला पाहिजे आणि ताईंची माझ्या. नवशिक्यानं दुसऱ्याच्या घरी जायचं, त्याच्या माणसांसमोर. उलटं केलं की मजा मरते.

आता काम कुठलं द्यायचं. ह्यावर आम्ही दोन दिवस फोनवर बोललो आणि मला वाटतं निम्मा व्हिडिओ इथंच ठरतो. चूक झाली की ती डोळ्याला दिसली पाहिजे, आणि चुकलं तरी कुणाला इजा होता कामा नये. ताईंना मी गिअर बॉक्स उघडायला दिला असता तर आत काय बिघडलं ते कॅमेऱ्याला दिसलंच नसतं. म्हणून एअर काढायचं काम दिलं. रोपलागणीच्या दिवसांत चिखलणी करताना डिझेल संपेपर्यंत टिलर हाणला की लाईनमध्ये हवा शिरते, मग टाकी भरली तरी इंजिन काय धरत नाही, आमच्याकडं म्हणतात "एअर धरलीय". फिल्टरजवळचा एअरचा स्क्रू थोडा ढिला करायचा, डिझेल फेसाळत बाहेर येतं, बुडबुडे थांबून सरळ धार आली की स्क्रू आवळायचा. मग तसंच पुढं पंपाकडं. बुडबुडे दिसतात, धार दिसते, लहान पोराला पण कळतंय. फक्त हँडल मारायचं काम मी ताईंना दिलं नाही, ते उलटं झटका देतं, मनगट जातं. ते मीच मारलं आणि तसं व्हिडिओत सांगितलं पण.

आणि इथं जे झालं ते आम्ही लिहून काढलं नव्हतं बघा. ताईंनी स्क्रू ढिला केला, बोटभर अंतरावर वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "अजून फेस हाय की, उतू जायचं थांबलं नाही, थांबा जरा." दूध बघायची नजर डिझेलवर लावली! आणि नजर बरोबर होती, फेस मोडल्यावरच त्यांनी आवळलं. बाजूला बघत बसलेली पोरं "हौद्री, हौद्री" करून ओरडाली. माझ्या कामातली भाषा तुमच्या कामात घुसते ना, तिथं खरं हसू आहे. नुसतं येत नाही म्हणून धडपडणारा माणूस पाच मिनिटांत कंटाळा आणतो.

माझं कुंद्याचं पण तसंच झालं. दोन लिटर दूध ताईंनी आधीच आटवून निम्मं करून ठेवलं होतं, कारण तासभर ढवळणं कोण बघणार? माझं काम पुढचं: दही थोडं थोडं घालून दूध दाणेदार फाडायचं, साखर घालायची, तपकिरी रंग येईपर्यंत कालथा थांबवायचा नाही. मी कढईला कान लावाय लागलो. कालथ्याचा आवाज आधी सुळसुळ येत होता तो एकदम खर्र झाला, मी म्हटलं, "ताई, बेअरिंग कोरडं पडलं!" खरंच बूड धरालं होतं. ताईंनी पळत येऊन आच कमी केली आणि त्यांचा चेहरा असा झाला... [इथं ताईंचा क्लोजअप]

हा चेहरा, मंडळी. ह्याच्यासाठी दुसरा कॅमेरा पाहिजे. पहिल्या वेळी एकच मोबाईल होता, तो माझ्या हातावर लावलेला, ताईंची प्रतिक्रिया आवाजातच राहिली. आता एक मोबाईल कामावर आणि दुसरा फक्त जाणकाराच्या तोंडावर, सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालू. दोन्ही सुरू केल्यावर समोर एक टाळी वाजवायची, एडिटिंगला आवाजाची ती टोकं जुळवली की दोन्ही व्हिडिओ एकत्र येतात. दोन्हीकडं फ्रेम रेट सारखाच ठेवा. स्वयंपाकघरात ट्यूबलाईट असेल तर २५ ठेवा आणि मॅन्युअल सेटिंग असेल तर शटर १/५०, कारण आपल्याकडची वीज ५० हर्ट्झ, नाहीतर चित्रात पट्टे पळतात. लांब शूट झालं की मोबाईलचे आवाज हळूहळू मागंपुढं सरकतात, म्हणून दर दहा-पंधरा मिनिटांनी परत टाळी वाजवा. आणि कढईवर वरून मोबाईल लावू नका, वाफेनं लेन्स धुकट होते, आमचे पहिले शॉट तसेच गेले.

एक नियम ताईंनी काढला आणि तो मला फार पटला. जाणकारानं फक्त तीन वेळा बोलायचं. पहिल्या शूटला त्या दर वीस सेकंदाला "असं न्हवं, असं" म्हणत होत्या, त्यामुळं चूक पूर्ण व्हायच्या आधीच दुरुस्त व्हायची, तो शिकवणीचा क्लास झाला. तीन वेळाच म्हटल्यावर त्यांना गप्प बसायला जड जातंय ते तोंडावर दिसतंय, तेच बघायला लोक थांबतात. आग, हात, यंत्र ह्यांचा धोका आला की मात्र नियम नाही, लगेच ओरडायचं, आच कमी केली तेव्हा त्यांनी तेच केलं.

भाषेचं राहिलं. आपल्या भागात एकाच घरात मराठी आणि कन्नड दोन्ही बघणारे असतात, आम्ही कन्नड लिपीत सबटायटल दिलं. पण बेअरिंगची ओळ बोलायच्या आधीच पडद्यावर आली तर वाचून हसतात आणि मी बोलतो तेव्हा शांत. म्हणून गंमतीच्या ओळीचं सबटायटल शब्द तोंडातून निघाल्यावरच लावायचं.

टाकताना दोन्ही व्हिडिओ एकाच दिवशी, एकाच वेळी टाकले. यूट्यूबवर एंड स्क्रीन शेवटच्या ५ ते २० सेकंदांतच बसतं, तेवढी जागा आधीच मोकळी सोडा, तिथं महत्त्वाचं काही बोलू नका, दुसऱ्याच्या व्हिडिओचं कार्ड तिथं येणार. माझ्या व्हिडिओत तिथं टिलर धडधडतोय आणि ताई पदराला डिझेल लागलेलं हुंगून बघतायत. मी मागं संगीत घातलं नाही, इंजिनाचाच आवाज ठेवला. कार्डावर बोट लावलं की कढई उघडते.