दिवाळीचं कॅलेंडर टेलरच्या तारखेपासून मागे मोजा

नमस्कार मंडळी. आज इथे बहुतेक सगळे कापड दुकानवाले आहेत, तर मी साडीच्या दुकानाचंच उदाहरण घेतो आणि तारखा 2026 च्या घेतो. लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला, रविवारी. पाडवा 10 ला, भाऊबीज 11 ला. आता बहुतेक जण काय करतात तर 8 तारीख धरतात आणि आधीच्या आठवड्यात रोज चार-चार पोस्ट टाकत सुटतात, आणि मग म्हणतात लाइक आले पण साड्या गेल्या नाहीत.

अहो, साडी गेली नाही कारण ब्लाऊज कोण शिवणार? दिवाळीच्या आधी साधारण दोन आठवडे चांगला टेलर नवीन कापड घेणं बंद करतो. म्हणून पहिलं काम, आपल्या गिऱ्हाइकांचे जे तीन-चार नेहमीचे टेलर आहेत त्यांना आत्ताच फोन करून विचारा की शेवटची तारीख कुठली. समजा ते म्हणाले 25 ऑक्टोबर, तर पैठणी, सिल्क, ज्याला ब्लाऊज शिवावाच लागतो असा सगळा माल 25 च्या आत दाखवून, विकून मोकळं व्हायचं. मधे फॉल-पिकोला दोन दिवस लागतात ते पण धरा. म्हणजे तुमची खरी दिवाळी दसऱ्याच्या आसपासच असते, आणि दसरा आहे 20 ऑक्टोबरला.

आता मागे या. 27 सप्टेंबर ते 10 ऑक्टोबर पितृपक्ष. या दिवसात बरीच घरं नवीन कापड घेत नाहीत, दुकान रिकामं असतं, आणि मला विचाराल तर टीझरसाठी याच्याइतका चांगला काळ नाही, कारण लोक घेत नसले तरी बघतात. फक्त "आजच या" असं लिहू नका, ते खटकतं. नुसता काठ दाखवा, पदर अर्धा उलगडलेला, किंमत नाही. सगळ्या सीझनचे फोटो पण याच दिवसात काढून ठेवा, दुपारी दाराजवळच्या उजेडात, कारण ट्यूबलाइटखाली जांभळा निळा दिसतो आणि मग गिऱ्हाईक दुकानात येऊन म्हणतं हा तो रंग नाहीच.

नवरात्राचे नऊ रंग सगळेच टाकतात, पण त्या दिवशी सकाळी टाकून काय उपयोग, ती बाई तर ऑफिसला निघाली. घटस्थापना 11 ला आहे, म्हणून पितृपक्षातच नऊ रंगांचा एकत्र फोटो जाऊ दे, म्हणजे घरात कुठला रंग नाही ते तिला आधीच कळतं.

25 नंतर मात्र पोस्टमधला माल बदलायचा. पगार 1 तारखेला होतो, म्हणजे काही घरांत पैसा हातात येतो तेव्हा टेलर बंद झालेला असतो, तर या गिऱ्हाइकाला रेडीमेड ब्लाऊजसकट साडी, कुर्ती, ड्रेस दाखवा. पाडव्यासाठी नवऱ्यांना आणि भाऊबीजेसाठी भावांना वेगळा मेसेज, बजेट लिहून, कारण त्यांना पोत-काठ काही विचारायचं नसतं, हजारात काय येतं एवढंच हवं असतं. आणि त्याच मेसेजमध्ये साइज कधीपर्यंत बदलून मिळेल ते लिहा, नाहीतर भाऊबीजेनंतर काउंटरवर वाद ठरलेला.

एक महत्त्वाचं, व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट लिस्ट. एका लिस्टमध्ये 256 जण, आणि मेसेज फक्त त्यांनाच पोचतो ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय. म्हणून पाठवल्यावर मेसेजच्या इन्फोमध्ये किती जणांना डिलिव्हर झाला ते बघा. निम्म्यांनाच गेला असेल तर पोस्ट कितीही सुंदर असू दे, ती वाचलीच जात नाहीये. उपाय बिल करतानाच, गिऱ्हाइकाला सांगायचं, नंबर सेव्ह करा, फॉलची साडी तयार झाली की याच नंबरवरून कळवू. तेव्हा लोक आनंदाने करतात.

भाऊबीजेनंतर बहुतेक दुकानं गप्प होतात आणि मला याचंच जास्त वाईट वाटतं. 15-16 नोव्हेंबरला एक साधा मेसेज जाऊ दे, ब्लाऊज नीट बसला का, आणि सिल्क असेल तर पहिली धुलाई घरी करू नका. त्यात ऑफर नको. ज्या बायका उत्तर देतात त्यांना साडी नेसलेला फोटो मागा आणि स्टेटसला लावू का ते विचारून मगच लावा. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई लागते, तेव्हा बस्त्यासाठी पहिला फोन याच बायकांना करायचा. आणि सीझनभर काउंटरवर एक वही ठेवा, गिऱ्हाइकाने मागितलं पण आपल्याकडे नव्हतं ते त्यात लिहायचं, पुढच्या खरेदीला जाताना ती वही सोबत न्यायची.