अर्ध्या तासानंतर किती शब्द उरले?

श्रोतेहो, नमस्कार. आज मी तुमच्याशी स्मरणशक्तीच्या तपासणीच्या एका रिपोर्टबद्दल बोलणार आहे. त्यातल्या बाई मी कल्पिलेल्या आहेत, पण असे रिपोर्ट मी वर्षानुवर्षं लिहीत आले आहे.

वय 68, निवृत्त शिक्षिका. यजमान जाऊन आठ महिने झालेले. समोर बसल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, मला काहीच आठवत नाही हो." मुलगा म्हणाला, "बँक, औषधं, गॅसचा नंबर, सगळं आईच बघते. फक्त बोलेनाशी झालीय." विस्मरण वाढत जातं तेव्हा पुष्कळदा उलटं दिसतं. घरचे घाबरलेले असतात आणि माणूस म्हणतो, मला काही झालेलं नाही. पण तेवढ्यावरून निकाल देता येत नाही.

म्हणून मी त्यांना साधे मराठी 15 शब्द पाच वेळा वाचून दाखवले आणि दर वेळी आठवतील तेवढे सांगायला लावले. पहिल्यांदा 4 आले, पाचव्यांदा 9. त्यांच्या वयाच्या आणि शिक्षणाच्या मानाने हे कमीच. अर्ध्या तासाने पुन्हा विचारलं. बराच वेळ गप्प बसून त्या म्हणाल्या, "नाही येत." मी थांबले, घाई केली नाही, आणि हळूहळू 7 आले. मग तेच शब्द नव्या शब्दांत मिसळून वाचले आणि विचारलं, हा मघाशी होता का? 15 पैकी 14 त्यांनी बरोबर ओळखले.

रिपोर्टाचा कणा इथे आहे. साडी कपाटातच आहे, हाताला लागत नाही, असं हे विस्मरण. स्मृतिभ्रंशाकडे नेऊ शकणाऱ्या सौम्य घटीत, ज्याला डॉक्टर एमसीआय म्हणतात, पुष्कळदा साडी मुळात कपाटात गेलेलीच नसते. अशा माणसाला, समजा, पाचव्यांदा 6 शब्द येतात, अर्ध्या तासाने एखादाच उरतो, खूण सांगूनही उपयोग होत नाही, आणि न ऐकलेल्या शब्दांनाही तो "हो, होता" म्हणतो.

नैराश्याच्या 15 प्रश्नांच्या यादीत बाईंचे 11 गुण आले. 5 च्या वर गेले की आम्ही सावध होतो. थायरॉइड, बी-12, ऐकू येणं, झोपेच्या गोळ्या हे सगळं तपासायला सुचवलं आणि निष्कर्ष लिहिला: तक्रारी नैराश्याशी जुळतात, उपचारानंतर पुन्हा तपासणी करावी.

ती शेवटची ओळ मी कधीच गाळत नाही. उतारवयात पहिल्यांदाच आलेलं नैराश्य कधीकधी मेंदूच्या आजाराची सुरुवात असतं, आणि दोन्ही एकत्रही असू शकतात.

नऊ महिन्यांनी बाई परत आल्या. या वेळी यादी वेगळी घेतली, नाहीतर जुनी ओळख मदतीला येते. नैराश्याचे गुण 3 वर आले होते. पाचव्यांदा शब्द 12 आले आणि अर्ध्या तासाने 11 टिकले. कामाचा वेग मात्र अजून थोडा मंद होता. मी तसंच लिहिलं, आणि पुढे लिहिलं: वर्षभराने पुन्हा बघू.