रेंडर पाठवायच्या आधी त्यातला जिना चढून बघा

मंडळी, आज मी एकच रेंडर घेऊन बोलणार आहे. एआय टूलने बनवलेला, दुमजली घराच्या हॉलचा. डावीकडे डायनिंग टेबल, समोर एक दार, मागे पॅसेजच्या टोकाला अजून एक दार आणि उजव्या भिंतीला लागून वर जाणारा लाकडी जिना. उजेड सुंदर, लाकूड सुंदर, आणि मी तो तसाच क्लायंटला पाठवून बसले. त्यांना जिना इतका आवडला की बाकी काहीही बदला पण जिना हाच हवा म्हणाले, आणि मग ड्रॉइंग करायला बसल्यावर कळलं की हा जिना त्या खोलीत बसतच नाही. तो परत मागे घ्यायला मला तीन मीटिंगा लागल्या. तेव्हापासून मी पाठवायच्या आधी काय काय तपासते ते त्याच चित्रावर सांगते.

सगळ्यात आधी क्षितिजरेषा, म्हणजे कॅमेऱ्याच्या डोळ्याची पातळी. फरशीचे सांधे, छताची कड, टेबलाची कड, अशा एकाच दिशेने आत जाणाऱ्या रेषा घ्यायच्या आणि कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये त्या लांबवायच्या, त्या एका बिंदूत मिळायला पाहिजेत. त्या बिंदूतून जाणारी आडवी रेषा हीच क्षितिजरेषा. दुसऱ्या दिशेच्या रेषा दुसऱ्या बिंदूत मिळतील, चालेल, पण तोही बिंदू त्याच आडव्या रेषेवर हवा. एआयच्या चित्रात फरशी एकीकडे आणि छत भलतीकडे मिळतंय असं बरेचदा होतं. थोडासा फरक मी सोडून देते, पण बिंदू अगदीच विखुरलेले असतील तर पुढचं काहीही मोजू नका कारण त्या मापाला अर्थच नाही, चित्र नव्याने करा. आणि भिंतींच्या उभ्या कडा सरळ उभ्या आहेत ना ते बघा, कॅमेरा वर किंवा खाली झुकलेला असेल तर मी आता सांगते ती साधी मोजणी चुकते.

आता हे नीट ऐका, कारण सगळं यावर उभं आहे. कॅमेरा जमिनीपासून १.५ मीटरवर असेल तर त्याच सपाट फरशीवर उभी असलेली प्रत्येक वस्तू, जवळची असो की लांबची, क्षितिजरेषा तिला १.५ मीटरवरच कापते. म्हणजे लांबच्या वस्तूची उंची काढायला ती किती लांब आहे हे माहीत असायची गरजच नाही.

माझ्या चित्रात समोरच्या दाराच्या खालच्या कडेपासून क्षितिजापर्यंत २१० पिक्सेल आणि अख्खं दार २९४ पिक्सेल. दार नेहमीसारखं २.१ मीटरचं धरलं तर क्षितिज येतं १.५ मीटरवर. पण एका वस्तूवर विश्वास ठेवायचा नाही, कारण दारही त्याच टूलने काढलंय आणि टेबलही. म्हणून टेबल बघितलं, पायापासून क्षितिजापर्यंत ३२० पिक्सेल आणि टेबलाची उंची १६०. टेबल साधारण ७५ सेंटीमीटर असतं, म्हणजे क्षितिज पुन्हा १.५ मीटर. दोन वेगळ्या वस्तूंनी एकच उत्तर दिलं, आता मी ते धरून चालते. दोघांची उत्तरं जुळली नाहीत तर तिसरी वस्तू घ्यायची, खुर्चीची बैठक ४५ सेंटीमीटर किंवा किचनचा ओटा ८५ ते ९०, आणि बघायचं की फुटलंय कोण.

मग मागचं दार. ते लांब आहे म्हणून लहान दिसणारच असं मन आपोआप म्हणतं आणि तिथेच फसायला होतं. खालपासून क्षितिजापर्यंत १०० पिक्सेल, दार ११० पिक्सेल, म्हणजे १.५ मीटरच्या १.१ पट, १.६५ मीटर. बऱ्याच मोठ्या माणसांना त्यातून वाकून जावं लागेल! मोजायचं नसेल तरी नुसत्या नजरेने कळतं, कॅमेरा १.५ मीटरवर असेल तर २.१ मीटरच्या दाराला क्षितिज साधारण सत्तर टक्के उंचीवर कापायला हवं, इथे ते जवळजवळ चौकटीच्या माथ्याला टेकलं होतं. हँडलसुद्धा बघा, ते मीटरभर उंचीवर असतं, म्हणजे दाराच्या मध्याच्या किंचित खाली. आणि उंच दार मुद्दाम डिझाइन केलेलं असेल तर अर्थातच २.१ धरायचं नाही, आपल्या ड्रॉइंगमधलं माप धरायचं.

आता जिना. पहिल्यांदा मी बोटाने चढते, खरंच स्क्रीनवर बोट ठेवून एकेक पायरी, एकदा भिंतीच्या बाजूने आणि एकदा कठड्याच्या बाजूने. दोन्ही बाजूंना आकडा सारखा यायला हवा. कुठे दोन पायऱ्या मधेच एक झाल्यात का, कठडा एका बाजूने निघून वर दुसऱ्याच बाजूला पोचलाय का, आणि शेवटची पायरी मजल्यावर उतरते की भिंतीत घुसते. स्लॅबला जिन्यासाठी भोक तरी आहे का ते बघा, आणि पायरीच्या कडेपासून सरळ वर छतापर्यंत साधारण २.१ मीटर मोकळे आहेत का.

माझ्या चित्रात यातलं सगळं ठीक होतं, म्हणूनच तर मी फसले. खालपासून वरच्या मजल्यापर्यंत ११ चढ, म्हणजे एका पायरीवरून पुढच्या पायरीवर जायच्या उभ्या उंच्या, दोन्हीकडून ११. मग वरच्या मजल्याची उंची काढली. इथे एक चूक सगळे करतात, जिन्याच्या पायथ्यापासून मोजतात, पण पायथा आणि माथा कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर नसतात. वरच्या स्लॅबच्या कडेचा एक बिंदू घ्या, त्याच्या बरोबर खाली फरशीवर उतरा आणि तिथून मोजा. तिथे क्षितिजापर्यंत २५० पिक्सेल आणि वरच्या फरशीपर्यंत ५०० आले, म्हणजे मजला ३ मीटर. भागिले ११, एकेक चढ २७३ मिलिमीटर. घरातला सोयीचा चढ १५० ते १८० असतो!

पायरीची रुंदी मात्र छान होती. फरशी ६०० ची, दार दीड फरशी रुंद म्हणजे ९०० मिलिमीटर, म्हणजे तेही पटतंय, आणि जिना पाच फरश्यांत संपतो. ३ मीटरमध्ये १० पाय ठेवायच्या जागा, प्रत्येकी ३००. फ्रेंच वास्तुविशारद फ्रांस्वा ब्लाँडेलने सतराव्या शतकात दिलेला हिशोब अजून वापरतात, दोन चढ अधिक एक पायरी मिळून साधारण ६०० ते ६४० मिलिमीटर. इथे येतात ८४६. तो जिना ४२ अंशांनी चढत होता, पण रुंद पायऱ्यांमुळे डोळ्याला निवांत वाटत होता.

बरं, मग पायऱ्या वाढवून रिटच करू का? हा प्रश्न मलाही पडला होता. ३ मीटरला १८ चढ हवेत, १६७ चा एकेक. १८ चढांना १७ पायऱ्या लागतात, कारण शेवटचा चढ थेट मजल्यावर नेतो. त्या १७ पायऱ्या ३ मीटरमध्ये कोंबल्या तर एकेक १७६ मिलिमीटर, त्यावर पाऊलच बसणार नाही. २७० धरली तर लांबी ४.५९ मीटर, म्हणजे जिन्याला असलेल्या ३ मीटरच्या जागेपेक्षा दीड मीटरहून जास्त. त्यामुळे हा सरळ जिना तिथे होऊच शकत नाही, तो मधे लँडिंग देऊन वळवायला लागतो, आणि वळवला की डायनिंगची जागा बदलते. म्हणून मी म्हणते की दाराची चूक चित्रात दुरुस्त होते, चौकट वर ओढली की झालं, पण जिन्याची चूक प्लॅनमध्ये जाऊनच सुटते.

टूलला नुसतं अठरा पायऱ्या काढ असं लिहून भागत नाही, ते मोजून काढेल याची खात्री नसते. मी आता आधी जिन्याचं साधं ठोकळ्यांचं थ्रीडी मॉडेल करते, बरोबर मापांचं, रंगरूप काही नाही, त्याचा डेप्थ मॅप, म्हणजे कुठली गोष्ट कॅमेऱ्यापासून किती लांब आहे ते दाखवणारं चित्र, काढून त्यावरून रेंडर बनवते, आणि तयार झाल्यावर परत बोटाने पायऱ्या मोजते, कारण कठडा आणि पायऱ्यांच्या कडा त्यातही कधीकधी विरघळतात. त्या घराचा वळणारा जिना मी असाच केला, नऊ चढ, लँडिंग, परत नऊ, आणि यावेळी चित्र पाठवताना सोबत प्लॅनही जोडला.