चंदेरी फॉइलवरची तारीख

[दृश्य: गोळ्यांचं पाकीट हातात, अंगठ्याने ते हळूच तिरकं केलं जातं.]

गोळ्यांच्या पाकिटाची मागची बाजू. चंदेरी फॉइल, आणि तिच्यावर काळ्या शाईत छापलेली मुदतीची तारीख. आपण ती सहज वाचतो, पण वाचताना मनगट जरासं वळवतो, हे लक्षातही येत नाही. चकाकी बाजूला सारण्याची ही युक्ती कारखान्यात तारीख तपासायला धावत्या पट्ट्यावर टांगलेल्या कॅमेऱ्याकडे नाही. पाकीट खालून सरकतं, त्याला एकच क्षण मिळतो.

[दृश्य: लेन्सभोवती रिंग लाइट, पडद्यावर फॉइलचं चित्र.]

पहिल्यांदा बहुतेक जण रिंग लाइट लावून बघतात. एलईडींचं हे कडं लेन्सभोवती बसतं. पुठ्ठ्यावर किंवा साध्या कागदावर ते छान काम करतं. प्रकाश चहूबाजूंनी येतो, त्यामुळे एकाच अंगाला सावली पडत नाही. फॉइलवर मात्र पडद्यावर दिसते ती एलईडींची माळ.

कारण फॉइल हा आरसा आहे, तोही सुरकुतलेला. ज्या कोनात किरण आला, त्याच कोनात तो परततो. म्हणजे कॅमेऱ्याला दिसतं ते फॉइलच्या समोर जे काही असेल त्याचं प्रतिबिंब. समोर एलईडी असेल तर पिक्सेलची किंमत 255 वर, म्हणजे उजेडाच्या कमाल आकड्यावर जाऊन अडकते, आणि तिथे 3 होता की 8, हे नंतर कुठलंही सॉफ्टवेअर सांगू शकत नाही. पण खरी पंचाईत चकाकीच्या बाहेर आहे. तिथल्या फॉइलसमोर काहीच उजळ नाही, म्हणून ती शाईइतकीच काळी दिसते. काळ्यावर काळं! अशा वेळी दिवा आणखी प्रखर करणं हा सगळ्यात नेहमीचा आणि सगळ्यात निरुपयोगी उपाय.

[दृश्य: पांढरा घुमट पाकिटावर खाली येतो, पडद्यावर अक्षरं उमटतात.]

फॉइलला कुठेही वळून पाहिलं तरी पांढरंच दिसेल, असं काहीतरी हवं. तेच डोम लाइट करतो. उपडं वाडगं, आतून पांढऱ्या मॅट रंगाचं. एलईडी काठाशी, तोंड वर करून बसवलेले. त्यांचा प्रकाश आधी भिंतीवर आपटतो, विखुरतो आणि मगच खाली येतो. आता प्रत्येक सुरकुतीत पांढरा घुमटच दिसतो. फॉइल सलग उजळ, शाई प्रकाश शोषते म्हणून काळी.

हा घुमट पाकिटाला जवळजवळ टेकलेला हवा. पट्ट्यावर हात घालायला सोयीचं म्हणून तो वर उचलला, की फॉइलचं पांढरं आकाश आक्रसतं आणि तिरप्या सुरकुत्या पुन्हा काळवंडतात. घुमटाच्या माथ्यावर कॅमेऱ्यासाठी भोक असतं, त्याचंही प्रतिबिंब पडतं: सपाट फॉइलच्या मधोमध एक गोल काळा डाग. त्यावर उपाय म्हणजे अर्धपारदर्शक आरसा तिरका बसवून लेन्सच्याच दिशेने थोडा प्रकाश सोडायचा.

[दृश्य: दिव्यावर आणि लेन्सवर करड्या रंगाची फिल्म बसवली जाते.]

मग पोलरायझर, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश तेवढा पुढे सोडणारी ही फिल्म, कशाला? फॉइलवर तो लावून बघाच. एक दिव्यावर, दुसरा लेन्सवर, एकमेकांशी 90 अंशांत. चित्र जवळजवळ काळं होतं. धातूवरून परतलेल्या प्रकाशाचं ध्रुवीकरण, म्हणजे कंपनाची ठरलेली दिशा, टिकून राहतं, म्हणून लेन्सवरचा पोलरायझर चकाकीबरोबर फॉइलही पुसून टाकतो.

त्याची जागा दुसरीकडे आहे: पारदर्शक प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कागदी लेबल. प्लास्टिकवरची चकाकी अडते. कागदात शिरलेला प्रकाश मात्र तंतूंमध्ये विखुरतो, ध्रुवीकरण गमावतो आणि त्यातला निम्मा लेन्सपर्यंत पोहोचतो.

याची किंमत प्रकाशात मोजावी लागते. दिव्यापाशी निम्मा गेला, लेन्सपाशी उरलेल्यातला निम्मा. फार तर एक चतुर्थांश हाती येतो. समजा पट्टा सेकंदाला 200 मिलिमीटर धावतोय आणि एक पिक्सेल 0.1 मिलिमीटरचा आहे. अर्ध्या मिलिसेकंदाच्या एक्स्पोजरमध्ये लेबल एकच पिक्सेल सरकतो. उजेड भरून काढायला एक्स्पोजर चौपट केलं, की तो चार पिक्सेल सरकतो आणि बारीक अक्षरं फरफटतात. त्यामुळे एक्स्पोजरला हात न लावता दिवाच क्षणभर जास्त करंटने चमकवतात, कॅमेऱ्याच्या तालावर.

[दृश्य: लेबलवर इंद्रधनुषी पट्टे.]

आणि हे पट्टे? ते छपाईतले नाहीत. गुंडाळताना ताणलेलं प्लास्टिक ध्रुवीकरणाची दिशा वळवतं, तेही प्रत्येक रंगासाठी वेगळं. कृष्णधवल कॅमेऱ्यात हेच पट्टे मळकट डागांसारखे दिसतात आणि चांगलं लेबल बाद होतं. दोन्ही पोलरायझर 90 अंशांचं नातं न सोडता एकत्र फिरवत न्यायचे. त्यातल्या एकाची दिशा प्लास्टिकच्या ताणाशी जुळली, की पट्टे मावळतात. तिथेच स्क्रू आवळायचा आणि कड्यावर पेनाने खूण करायची.