नवदांपत्याचे घर, दोघांचे भाग्यांक आणि दारावरचा आकडा

श्रोतेहो, नमस्कार.

तुळशीचे लग्न लागले की मुंबईत दोन शोध एकाच वेळी सुरू होतात, एक कार्यालयाचा आणि दुसरा घराचा. अंकशास्त्र मानणाऱ्या घरांत त्यात तिसऱ्याची भर पडते, ती म्हणजे घराच्या क्रमांकाची. नवदांपत्याच्या घराचा क्रमांक दोघांच्या भाग्यांकांशी कसा ताडून पाहतात, आणि त्यात नेहमी होणारी चूक कोणती, एवढ्यापुरतेच मी आज बोलणार आहे. अंकशास्त्राला प्रयोगाने सिद्ध झालेला आधार नाही, ते श्रद्धेचे गणित आहे, हे आधीच सांगतो. पण श्रद्धेचे असले तरी गणित नीट मांडावे, असे मला वाटते.

गेल्या वर्षी माझ्याकडे एक जोडपे आले होते. सोबत मुलीची आई होती आणि तिच्या हातात कांदिवलीच्या एका इमारतीचे माहितीपत्रक होते, ज्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने बेरजांची रांग मांडलेली होती. मुलाची जन्मतारीख १४ मार्च १९९३. तिच्यातले सगळे अंक मिळवले, म्हणजे एक, चार, तीन, एक, नऊ, नऊ आणि तीन, की ३० होतात आणि भाग्यांक ३ येतो. मुलीची तारीख २५ ऑगस्ट १९९८. तिची बेरीज ४२, म्हणून भाग्यांक ६. आईंनी हे दोन अंक मिळवून ९ काढले होते आणि नऊ बेरजेचा फ्लॅट, म्हणजे १२०६, पेन्सिलीने गोल करून ठेवला होता. “अहो, नऊ म्हणजे पूर्ण अंक, याहून चांगले काय असणार?” असे त्यांचे म्हणणे होते.

नेहमीची चूक म्हणतो ती हीच. तीन आणि सहाची बेरीज नऊ होते, तशी चार आणि पाचाचीही होते, आणि एक आणि आठाचीही. बेरीज केली की त्या घरात कोण दोघे राहणार आहेत हेच पुसले जाते आणि तिन्ही जोडप्यांना एकच फ्लॅट योग्य ठरतो, जे या शास्त्राच्या स्वतःच्या तर्कातही बसत नाही. घराचा अंक आधी एकाच्या भाग्यांकाशी आणि मग दुसऱ्याच्या भाग्यांकाशी स्वतंत्रपणे ताडावा, आणि दोघांशी जमतो तोच घ्यावा.

या जोडप्याच्या बाबतीत ते अधिकच आवश्यक होते. आपल्याकडच्या पद्धतीत प्रत्येक अंकाला ग्रह दिलेला असतो. तीन गुरूचा, सहा शुक्राचा. एक देवांचे गुरू, दुसरे असुरांचे, म्हणून तीन आणि सहा यांचे वैर मानतात. मग १२०३ क्रमांकाचा फ्लॅट, ज्याची बेरीज ६ येते, मुलीला स्वतःचा वाटेल आणि मुलाच्या अंकाला विरोधी पडेल. तीन बेरजेच्या घराचे उलटे होईल. नऊ अंकाचे मुलाच्या तीनाशी जमते, पण मुलीच्या सहाशी तो जेमतेम सम, ना मित्र ना शत्रू, धरला जातो, म्हणजे आईंनी शोधलेले घर जावयाकडे झुकणारे निघाले. (त्यावर मुलगी हसली, आई हसल्या नाहीत.) दोघांचाही मित्र म्हणता येईल असे दोनच अंक उरतात: सूर्याचा एक आणि बुधाचा पाच. बुधाला या कोष्टकात कोणी शत्रू नसतो, म्हणून न जमणाऱ्या जोडप्यांना अंकशास्त्री बहुधा पाचाकडेच पाठवतात.

येथे एक सावधगिरी सांगायला हवी. पाश्चात्त्य पद्धतीत तीन, सहा आणि नऊ हे एकाच कुळातले, परस्परांना पूरक अंक मानले जातात. म्हणजे ज्या जोडीला आपले कोष्टक विरोधी ठरवते, तीच जोडी तिकडे उत्तम ठरते. दोन्ही बरोबर धरून चालणार नाही. एका जाणकाराकडून भाग्यांकाचे फळ ऐकायचे आणि घराचा अंक दुसऱ्याच्या कोष्टकातून काढायचा, हा प्रकार टाळावा. कोणते तरी एकच कोष्टक घ्यावे आणि शेवटपर्यंत तेच वापरावे.

आता इमारतीकडे येऊ. मुंबईच्या टॉवरमध्ये मजल्याचा आकडा आधी आणि फ्लॅटचा नंतर येतो, त्यामुळे एका मजल्यावरच्या बेरजा ओळीने वाढत जातात. बाराव्या मजल्यावर १२०१ ची बेरीज ४, १२०२ ची ५, १२०३ ची ६ आणि १२०४ ची ७. मजल्यावर चारच फ्लॅट असले, तरी एक किंवा पाच बेरजेचा फ्लॅट जवळजवळ प्रत्येक मजल्यावर सापडतोच. सातव्यावर ७०३, आठव्यावर ८०२, नवव्यावर ९०१. अपवाद फक्त ज्यांची स्वतःची बेरीज पाच येते अशा मजल्यांचा, म्हणजे पाचवा, चौदावा, तेविसावा वगैरे. तेथे चार फ्लॅटांच्या बेरजा सहा ते नऊच येतात. त्यामुळे अंकासाठी मजला बदलण्याची, आणि वरच्या मजल्याचे वाढीव दर मोजण्याची, सहसा गरज पडत नाही. मजला ऐपतीने आणि उजेडाने ठरवावा, अंक त्या मजल्यावरच शोधावा.

विंगचे अक्षर धरावे की नाही, यावर वाद आहे. माझे मत असे की विंग आणि इमारतीचा क्रमांक तेथे राहणाऱ्या सगळ्यांचाच असतो, तुमचा वेगळेपणा फ्लॅटच्या आकड्यात असतो, म्हणून मुख्य हिशेब त्याचाच. तरीही अक्षर धरायचे असेल, तर ए ते ई या पाच विंगना खाल्डियन आणि पायथागोरियन या दोन्ही पद्धती एक ते पाच हेच अंक देतात. मतभेद एफपासून सुरू होतो: खाल्डियनमध्ये एफचे आठ, पायथागोरियनमध्ये सहा, जीचे खाल्डियनमध्ये तीन, पायथागोरियनमध्ये सात.

आणखी एक गोष्ट कागदाची. काही इमारतींत तेरावा मजलाच नसतो, बाराव्यावर थेट चौदावा. काही ठिकाणी नकाशा बदलला की फ्लॅटांचे क्रमांकही सरकतात. तेव्हा माहितीपत्रकावरचा आकडा न धरता नोंदणीकृत करारनाम्यातला क्रमांक वाचून बेरीज करावी, आणि टोकन देण्याआधी तो क्रमांक लेखी मागावा. क्रमांक जुळलाच नाही, तर दाराच्या चौकटीला आतून एखादा अंक चिकटवण्याचा उपाय सांगतात; सहा बेरजेच्या घराला चार जोडून दहा, म्हणजे एक. आतून चिकटवलात तर हरकत नाही. बाहेर लावलात, तर कुरियरवाला मजलाभर फिरेल, आणि सोसायटीच्या नोंदवहीत, वीजबिलावर, आधारवर क्रमांक मूळचाच राहील.

त्या जोडप्याने बी विंगमधला १२०२ घेतला. खिडकी पूर्वेला, बेरीज पाच. आईंनी जाता जाता पुन्हा पेन्सिल काढली आणि बीचे दोन मिळवून सात केले. सात दोघांनाही सम आहे, वैरी नाही, असे मी सांगितले. पाटीवर बी लिहायचे की नाही, ते त्यांनी जावयावर सोपवले.