मिठाच्या खड्याने दिलेली फूटपट्टी

(विज्ञानप्रेमींच्या मासिक सभेतील व्याख्यान, थोडं संपादित करून)

नमस्कार. आधी हे तीन खडे पहिल्या रांगेपासून फिरवा. खडेमीठच आहे, सकाळी घरच्या बरणीतून काढून आणलं. एक खडा मी बत्त्याने हलकेच फोडलाय. भिंगातून त्याची कड बघा. काटकोन दिसेल. त्या तुकड्याचा आणखी बारीक तुकडा केलात तरी काटकोनच. खडे परत माझ्याकडे आले पाहिजेत, पुढे लागणार आहेत.

विषय ‘स्फटिकावरून क्ष-किरणांचं परावर्तन’ असा छापलाय. त्यातल्या ‘परावर्तन’ या शब्दावर मला आधी बोलायचंय. आरशावर प्रकाश कुठल्याही कोनातून टाका, तो परततो. स्फटिक तसं करत नाही. एकाच तरंगलांबीचे किरण टाकून स्फटिक हळूहळू फिरवत नेला, तर बराच वेळ जवळपास काहीच मिळत नाही. मग एका ठरावीक कोनाला एकदम जोरदार किरण येतो, आणि कोन जरासा सरकला की गेला. असं का?

अणूंचे थर एकावर एक, सारख्या अंतरावर. ते अंतर d. किरण प्रतलाशी θ कोन करून येतो. लक्षात ठेवा, कोन प्रतलापासून मोजायचा, शाळेतल्या आरशासारखा लंबापासून नाही. वरच्या थरावरून एक किरण परतला, दुसरा खालच्या थरापर्यंत गेला. त्याला जाताना d sin θ आणि येताना d sin θ इतकं जास्त चालावं लागलं. हे जास्तीचं अंतर तरंगलांबी λ च्या पूर्ण पटीत, म्हणजे एक, दोन, तीन अशा n पट असेल, तर दोघे ताल धरून बाहेर पडतात:

nλ = 2d sin θ

1912 साली म्युनिकमध्ये लाउए, फ्रीडरिश आणि क्निपिंग यांनी स्फटिकातून क्ष-किरणांचे ठिपके मिळवले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केंब्रिजला लॉरेन्स ब्रॅगने त्यांचा अर्थ असा लावला. तेव्हा तो बावीस वर्षांचा होता.

पण ताल थोडा चुकला तर किरण थोडा मंद व्हावा, एकदम नाहीसा का व्हावा? ढोल पथक डोळ्यांपुढे आणा. प्रत्येक रांग पुढच्या रांगेपेक्षा ठोक्याच्या शंभराव्या भागाने मागे पडतेय. पहिल्या दोन रांगांत कुणाला फरक कळणार नाही. पण एक्कावन्नावी रांग पहिलीच्या बरोबर अर्धा ठोका मागे असेल. लाटांच्या बाबतीत अर्धा ठोका मागे म्हणजे पूर्ण विरुद्ध: पहिला थर आणि एक्कावन्नावा थर एकमेकांना पुसून टाकतात. दुसरा आणि बावन्नावा, तिसरा आणि त्रेपन्नावा, तसंच. स्फटिकात असे हजारो थर असतात, म्हणून शिखर टोकदार येतं.

आता माझं दुखणं सांगते. मी पंचवीस वर्षं प्रॅक्टिकल घेतली. प्रयोगाच्या कार्डावर छापलेलं असायचं, λ = 1.54 अँग्स्ट्रॉम. मुलं कोन मोजायची, सूत्रात घालायची, d काढायची, जर्नलवर सही घ्यायची. एका वर्षी व्हायव्हाला मी एका मुलीला विचारलं, “हा 1.54 आला कुठून?” ती म्हणाली, “मॅडम, कार्डावरून.” मी म्हटलं, “कार्डावर कुठून आला?” ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “स्फटिकावरून मोजला असेल. पण मग d आधी माहीत हवा. आणि d तर आपण λ वरून काढतोय.” बाहेरून आलेल्या परीक्षकांनी घड्याळ पाहिलं आणि पुढचा रोल नंबर पुकारला. त्या मुलीने त्या दिवसातला सर्वांत चांगला प्रश्न विचारला होता, आणि तिला उत्तर न मिळता जावं लागलं. मला ते अजून सलतं. ते उत्तर आज इथे देते.

सूत्र एक, अज्ञात दोन. 1913 मध्ये ब्रॅग बापलेकांनी यातून वाट काढली ती तुमच्या हातातल्या मिठामुळे. परावर्तनांच्या कोनांवरून आणि तीव्रतेवरून त्यांनी मांडणी ओळखली: सोडियम, क्लोरीन, सोडियम, क्लोरीन, बुद्धिबळाच्या पटासारखी, तिन्ही दिशांना. म्हणजे प्रत्येक अणूच्या वाट्याला d बाजूचा एक छोटा घन. त्या घनाचं आकारमान तराजू सांगतो. मिठाचा रेणुभार 58.44, घनता 2.165. भागाकार केला की 27 घन सेंटिमीटर. एवढ्या मिठात अॅव्होगाड्रो संख्येइतक्या जोड्या, म्हणजे त्याच्या दुप्पट अणू. भागा आणि घनमूळ घ्या: 2.82 अँग्स्ट्रॉम. d हाती आला, कोन मोजला, λ मिळाली. नंतर तीच λ वापरून इतर स्फटिक मोजता आले.

(इथे अध्यक्षांनी दहा मिनिटं उरल्याची चिठ्ठी दिली.)

हो, हो. पण एवढं सांगितल्याशिवाय पुढे जात नाही. जुन्या पुस्तकांत मिठाचा d 2.814 दिसतो, नव्यांत 2.820. मीठ फुगलं नाही. अॅव्होगाड्रो संख्या तेव्हा इलेक्ट्रॉनच्या विद्युतभारावरून काढत, आणि तो भार मिलिकनच्या तेलाच्या थेंबांवरून घेतलेला. मिलिकनने हवेची श्यानता जराशी कमी धरली होती, त्यामुळे भार सुमारे 0.6 टक्के कमी आला. म्हणजे अॅव्होगाड्रो संख्या तेवढीच जास्त, आणि घनमुळामुळे d 0.2 टक्के कमी. 1925 मध्ये कॉम्प्टन आणि डोन यांनी यंत्राने आखलेल्या रेघांच्या जाळीवर, अगदी तिरक्या कोनातून, क्ष-किरणांची लांबी स्फटिकाशिवाय मोजली. पुढच्या काही वर्षांत अशी मोजमापं बारकाईने झाली, तेव्हा दोन फूटपट्ट्या जुळेनात, आणि चूक शेवटी हवेच्या श्यानतेत सापडली. क्ष-किरणांनी तेलाच्या थेंबाची चूक पकडली!

आता खडे कशाला लागणार ते, प्रत्यक्ष मोजणी, भरभर. मिठाच्या खड्याचं सपाट पृष्ठ, तांब्याच्या नळीचे किरण, λ = 1.5418. यंत्र शिखर दाखवतं 31.7 अंशांवर. हा 2θ आहे, मूळ किरणापासून डिटेक्टरपर्यंतचा कोन. म्हणून आधी अर्धा करा: 15.85. साइन 0.273. d = 1.5418 भागिले 0.546, म्हणजे 2.82.

अर्धा करायला विसरलात तर 1.47 येईल, आणि तो आकडा दिसायला काही वावगा नाही. चूक ओळखायची कशी? त्याच पृष्ठाचं दुसरं शिखर बघा, 66.2 अंशांवर. त्याचा अर्धा 33.1, साइन 0.546. पहिल्याच्या बरोबर दुप्पट, कारण n एकाचा दोन झाला. अर्धे न करता साइन घेतले तर 0.525 आणि 0.915 येतात, दुप्पट होत नाहीत. तिथेच थांबा आणि वहीचं मागचं पान उलटा.

दुसरी चूक शांतपणे येते. भुकटीचा नमुना साच्यात दाबताना पृष्ठ एक दशांश मिलिमीटर खाली राहिलं, आणि यंत्राची त्रिज्या 150 मिलिमीटर असली, तर शिखर सुमारे 0.07 अंशाने खाली सरकतं. d 2.82 ऐवजी 2.83 येतो. म्हणून भुकटीत चिमूटभर सिलिकॉन मिसळायचं. त्याचं पहिलं शिखर 28.44 वर यायला हवं. ते 28.37 वर आलं, तर नमुना काचपट्टीने पुन्हा सपाट करा आणि मग मोजा.

खडे किती परत आले? दोनच? तिसरा शोधा, प्रश्नोत्तरं तोवर सुरू करू.